किलोवर मोजलेली बॅग

*जानेवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मुंबईहून टोरंटोला गेलो. आखातात विमान बदललं. चार बॅगांपैकी तीन आल्या, माझी निळी बॅग आलीच नाही. तिथल्या काउंटरवर तक्रार लिहून दिली, नंबर मिळाला. बाहेर बर्फ, आणि अंगावर मुंबईचे कपडे. खर्च करावाच लागला. अडीच महिन्यांनी घरी परतलो, तरी बॅगेचा पत्ता नाही. मी तीन पानी पत्र पाठवलं आणि मनस्तापाचे पाच लाख मागितले. उत्तर आलं, बॅग तेवीस किलोची होती, किलोला वीस अमेरिकी डॉलरप्रमाणे ४६० डॉलर देतो, सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. पैठणीची पावती आता कुठून आणू? आणि पत्र परत लिहायचं तर कसं, किती मागायचे?*

*— एक आजी, मुलुंड पूर्व*

ताई, आधी तो कागद बाजूला ठेवा. त्यात खाली कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असेल की ही रक्कम मिळाल्यावर माझा काहीही दावा शिल्लक राहत नाही. एकदा त्यावर सही झाली, की पुढचं सगळं बोलणं संपलं. मी सहारला एका परदेशी विमान कंपनीच्या सामान विभागात बावीस वर्षं बसलो, असले कागद माझ्या हातून शेकड्यांनी गेले आहेत. सही करून पाठवणारे बहुतेक जण तुमच्यासारखेच, कंटाळलेले. पैसे घ्यायचेच झाले तर ‘दाव्यापोटी अंशतः रक्कम, उरलेल्या रकमेचा हक्क राखून’ असं स्वतःच्या शब्दांत लिहून द्या. त्यांच्या छापील मजकुरावर सही नको.

आता ते किलोला वीस डॉलर. हा आकडा हवेतून आलेला नाही, पण तुमच्या प्रवासाला तो लागू नाही. १९२९ साली वॉर्सॉ इथे विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात नोंदवलेल्या सामानाची भरपाई वजनावर धरली होती, किलोला अडीचशे सोन्याचे फ्रँक. त्याचेच पुढे वीस डॉलर झाले. तेव्हापासून हा आकडा कंपन्यांच्या तयार उत्तरांमध्ये घर करून बसला आहे. पण १९९९ साली माँट्रियलला नवा करार झाला. कॅनडा त्यात २००३ पासून आहे, भारत २००९ पासून, आणि आपल्याकडे तो १९७२ च्या विमान वाहतूक कायद्याला तिसरं परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. तुमचं तिकीट मुंबई ते टोरंटो आणि परत, म्हणजे दोन्ही टोकं या करारातली. या करारात प्रवाशाच्या बॅगेचं वजन कोणी विचारत नाही. किलोचा हिशेब आता मालवाहतुकीपुरता उरला आहे. बॅगेसाठी मर्यादा दर प्रवाशामागे आहे, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर आहे.

एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. पाच चलनांची मोट बांधून ते ठरवतात आणि नाणेनिधीच्या संकेतस्थळावर रोजचा भाव मिळतो. रुपयांत ही मर्यादा ढोबळमानाने पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. म्हणजे ज्या जागी पावणेदोन लाखांपर्यंत मागता येतं, तिथे तुम्हाला चाळीस हजारांच्या आसपास देऊन वाटेला लावत आहेत. (देशातल्या देशात उडणाऱ्यांनी मात्र या आकड्यावर नाचू नये. मुंबई-नागपूर प्रवासात बॅग गेली तर मर्यादा प्रवाशामागे वीस हजार रुपये आहे, बस्स.)

पण तुमच्या पाच लाखांचंही बोलायला हवं. ही मर्यादा म्हणजे छत आहे, बक्षीस नाही. बॅग हरवली म्हणून पावणेदोन लाख आपोआप मिळत नाहीत. जेवढं नुकसान दाखवाल तेवढं, आणि तेही छतापर्यंतच. छत तोडून वर जायचं तर कंपनीने जाणूनबुजून किंवा नुकसान होणार हे माहीत असून बेपर्वाईने वागल्याचं सिद्ध करावं लागतं. पट्ट्यावरून बॅग चुकीच्या गाडीत गेली, एवढ्याने ते होत नाही. बॅगेची किंमत जास्त आहे असं चेक-इनच्या वेळी लिहून देऊन जादा पैसे भरले असते, तर छत वर गेलं असतं. ते आपल्यापैकी कोणी करत नाही, काउंटरवरच्या मुलीलाही तो फॉर्म शोधायला अर्धा तास लागतो. मनस्तापाचे पाच लाख वाचले की दाव्याच्या टेबलावरचा माणूस पुढची तीन पानं वाचत नाही, साचेबंद उत्तर जोडून मोकळा होतो. मीही हेच केलं आहे, खोटं कशाला बोलू. ज्या पत्रात एक बेरीज असते आणि ती बेरीज जुळते, ते पत्र वरच्या साहेबाकडे जातं, कारण ते फेटाळायला कारण लिहावं लागतं.

तेव्हा बेरजेकडे येऊ. तुमच्या हातात खरं तर दोन वेगळे दावे आहेत आणि तुम्ही ते एकात कालवले आहेत. पहिला, बॅग वेळेवर न आल्यामुळे तिथे करावा लागलेला खर्च. दुसरा, बॅग आणि आतलं सामान कायमचं गेल्याचं नुकसान. दुसरा दावा बॅग यायला हवी होती त्या तारखेपासून २१ दिवस उलटले की उभा राहतो. त्यानंतर ‘शोध चालू आहे’ हे उत्तर चालत नाही, कायद्याने बॅग हरवलेली धरून हक्क मागता येतो. तुमचे तर अडीच महिने झाले. दोन्ही दावे एकाच छताखाली बसतात, हे मात्र लक्षात ठेवा. खर्च वेगळा आणि बॅग वेगळी असं दोनदा छत मोजता येत नाही.

तुमच्या पत्रासोबत कार्डाचं स्टेटमेंट आणि सामानाची यादी होती, त्यावरून मी हिशेब मांडून पाहिला. कोट ११,७०० रुपये, बर्फातले बूट ५,९००, थर्मल आणि स्वेटर ६,८००, आतले कपडे, गाऊन, साबण-टूथपेस्ट ४,८००. शिवाय यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेत असल्याने डॉक्टरला दाखवायचे ५,६०० आणि गोळ्यांचे ४,०००. बेरीज ३८,८००. रक्कम कार्डाने रुपयांत कापली तेवढीच लिहा, डॉलरचा भाव स्वतः लावत बसू नका. मुलीच्या घरी तिच्या पैशांनी आणलेलं दूध, भाजी, डायपर यात घालू नका. बॅग आली असती तरी ते लागलंच असतं.

इथे कंपनी एक ठरलेली खेळी करेल. म्हणेल, कोट आणि बूट तुमच्याकडेच राहिले आहेत, तेव्हा निम्मे देतो. साबण-टूथपेस्ट पूर्ण, कपडे निम्मे, असा अनेक कंपन्यांचा घरगुती नियम असतो. तो त्यांचा नियम आहे, करारात असं कुठे लिहिलेलं नाही. उत्तर सरळ द्या: मुलुंडला उणे पंधरात घालायच्या बुटांचा मला काही उपयोग नाही. खरंच नाही ना?

पण तुमच्या यादीत एक चूक आहे आणि ती ते पकडणारच. हरवलेल्या सामानात तुम्ही दोघांची दोन नवी जाकिटं लावली आहेत, १२,८०० रुपयांची. आणि खर्चात नवा कोटही लावला आहे. हरवलेल्या जाकिटाची पूर्ण किंमत घ्यायची आणि त्याच्या बदली घेतलेल्या कोटाचीही पूर्ण घ्यायची, हे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे झाले. असं एक सापडलं की सगळ्या यादीकडे संशयाने पाहिलं जातं. माझं म्हणणं, कोट ठेवा, कारण त्याची पावती तारखेसह आहे, आणि तुमचं एक जाकीट, ६,४०० रुपयांचं, यादीतून काढून टाका. यजमानांचं राहू द्या. ते तिथे जावयाचा जुना कोट घालून फिरले असं तुम्ही लिहिलं आहे, त्यामुळे त्यांचा दुहेरी दावा होत नाही.

आता आतलं सामान. तुमची यादी चांगली आहे, फक्त किमती दुकानातल्या नव्या भावाने लावल्या आहेत. तीन वर्षं वापरलेल्या बॅगेचे नवे ७,२०० लावले तर ते स्वतःच घसारा कापतील आणि हात सैल सोडून कापतील. आपणच आधी कापलेला बरा. बॅगेचे ४,५०० लावा. पैठणी दोन वर्षांपूर्वी साडेअठरा हजारांची, दोनदा नेसलेली, तिचे १५,०००. बाकीच्या साड्या आणि ड्रेस १४,०००, यजमानांचे कपडे ९,०००, चपला-बूट ३,५००, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि वाचायचा चष्मा मिळून ५,५००. बाळाची झबली, दुपटी, गोधडी कोरी होती, पावत्याही आहेत, तिथे ८,६०० पूर्ण. जाकीट एक, ६,४००. चांदीची वाटी-चमचा ९,४००. डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला यांचे ४,२०० लावले आहेत, ते ठेवा, पण डिंक, खारीक, सुकामेवा, तूप असं किराणा बिलावरून दाखवा. ‘घरगुती खाऊ’ लिहिलंत तर शून्य मिळेल. सगळं मिळून ८०,१०० होतात. खर्चाचे ३८,८०० मिळवले की १,१८,९००. छताच्या चांगलं खाली आहे. हाच तुमचा आकडा, ना एक रुपया वर ना खाली.

पावत्यांची धास्ती सोडा. नुकसान दाखवायचं म्हणजे प्रत्येक वस्तूची दुकानाची पावतीच हवी असं करारात कुठेही नाही. कंपनीचा फॉर्म तसं सुचवतो, कारण तसं सुचवण्यात कंपनीचा फायदा आहे. दादरला पैठणी घेतली तेव्हा पैसे यूपीआयने दिले असतील तर बँकेच्या उताऱ्यात दुकानाचं नाव आणि तारीख सापडेल. ती नेसलेला लग्नातला फोटो जोडा. वाटीची सराफाची पावती नसेल तर सराफाकडे जाऊन बघा, बरेच जण फोन नंबरवरून जुनं बिल काढून देतात. भरलेल्या बॅगेचा फोटो कोणी काढला होता का? नातीला पाठवायला म्हणून लाडवांच्या डब्याचा काढलेला फोटोसुद्धा उपयोगी पडतो, त्यावर तारीख असते. आणि ज्याचं काहीच नाही त्यासाठी अमुक वस्तू, अमुक वर्षी, अमुक किमतीला घेतली असं सरळ लिहा. यादीतल्या बहुतेक गोष्टींना आधार असला की उरलेल्या दोन-तीन गोष्टी तुमच्या शब्दावर धरल्या जातात.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची एक बाई मला अजून आठवते. गिरगावातल्या. अमेरिकेहून येताना त्यांची बॅग गेली. पुरावा म्हणून त्यांनी एक वही आणली. प्रवासाला निघण्यापूर्वी बॅग भरताना त्या प्रत्येक वस्तू वहीत लिहीत, आणि सुनेने लिहायला लावलं म्हणून कुरकुरत. ‘हिरवी इरकल, काठाला एक टाका उसवलेला’ असं त्यात होतं. टाका उसवलेला लिहिणारी बाई खोटी यादी करत नसते. आम्ही त्यांच्या यादीतली एकही ओळ कापली नाही.

चांदीच्या वाटीचा प्रश्न वेगळा. कंपनीच्या अटींत असतं की पैसे, दागिने, मौल्यवान धातू, कागदपत्रं, इलेक्ट्रॉनिक वस्तू नोंदवलेल्या बॅगेत ठेवू नका, ठेवल्यास आम्ही जबाबदार नाही. दुसरीकडे, करारातली जबाबदारी झटकणारी किंवा छत खाली आणणारी कुठलीही अट निरर्थक आहे, असं करारातच २६ व्या कलमात लिहिलं आहे. यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं. म्हणून वाटी यादीत ठेवा, पण शेवटी आणि वेगळी ओळ करून. म्हणजे त्यांना ती नाकारायची असली तर तेवढी ओळ नाकारतील, बाकीच्या यादीला हात लागणार नाही. तुम्ही तिला कपड्यांच्या बेरजेत मिसळली होती, तिथे चुकलं. गोळ्यांबद्दलही ते ऐकवतील की औषधं हातातल्या पिशवीत ठेवायची असतात. त्यात तथ्य आहे, पुढच्या वेळी तसंच करा. दावा मात्र सोडू नका.

आणखी एक मुद्दा. बॅगेचा टॅग तुमच्या नावावर आहे, पण आतले कपडे आणि गोळ्या यजमानांच्याही आहेत. कंपनी म्हणू शकते की टॅग ज्याच्या नावावर तोच प्रवासी. युरोपीय न्यायालयाने याच करारावर २०१२ मध्ये उलट निकाल दिला आहे: दुसऱ्याच्या नावाने नोंदवलेल्या बॅगेत माझ्या वस्तू होत्या हे मी दाखवलं तर मलाही मागता येतं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण करार एकच आहे म्हणून दाखवता येतो. तुमची रक्कम एका माणसाच्या छतातच बसते, त्यामुळे वाद घालायची वेळ येऊ नये. तरीही पत्रावर दोघांनी सह्या करा.

पत्र असं लिहा. एका पानात. इंग्रजीत करायचं काम मुलीकडे द्या, पण तिला वाक्यं वाढवू देऊ नका.

> विषय: हरवलेल्या बॅगेबाबत भरपाईची मागणी. तक्रार नोंद क्रमांक (टोरंटो विमानतळावर मिळालेला), बॅग टॅग क्रमांक, तिकीट क्रमांक, प्रवासाची तारीख.
>
> आम्ही दोघं १४ जानेवारी रोजी आपल्या विमानाने मुंबईहून टोरंटोला पोचलो. वरील टॅगची निळ्या रंगाची, चार चाकांची बॅग आम्हाला मिळाली नाही. त्याच दिवशी विमानतळावर लेखी तक्रार दिली. ४ फेब्रुवारीला २१ दिवस पूर्ण झाले. माँट्रियल कराराच्या कलम १७(३) नुसार आम्ही ही बॅग हरवली असं धरून दावा करत आहोत.
>
> आपण किलोमागे २० डॉलर देऊ केले आहेत. हा प्रवास माँट्रियल कराराखाली येतो, त्यात प्रवाशाच्या सामानाची मर्यादा वजनावर नसून कलम २२(२) नुसार दर प्रवाशामागे आहे. त्यामुळे आपला प्रस्ताव आम्हाला मान्य नाही.
>
> उशिरामुळे झालेला आवश्यक खर्च, तक्ता अ नुसार: ३८,८०० रुपये. बॅग व आतील सामान, वापराची वजावट करून, तक्ता ब नुसार: ८०,१०० रुपये. एकूण मागणी: १,१८,९०० रुपये. आधाराची कागदपत्रं क्रमांक घालून सोबत जोडली आहेत.
>
> ही रक्कम हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत खालील खात्यात जमा करावी. एखादी बाब अमान्य असल्यास ती बाब व कारण स्पष्ट लिहावं. बॅग न सापडल्याचं प्रमाणपत्रही पाठवावं.

बस, एवढंच. मुलीच्या बाळंतपणाला चांदीची वाटी नेता आली नाही याचं दुःख मला कळतं, पण ते या पत्रात नको. तक्ता अ आणि ब वेगळ्या पानांवर, प्रत्येक ओळीपुढे वस्तू, घेतल्याचं वर्ष, मूळ किंमत, मागितलेली किंमत आणि कोणता कागद जोडला त्याचा क्रमांक. बोर्डिंग पासाच्या मागे चिकटवलेला टॅगचा तुकडा जपून ठेवला असेल तर त्याची प्रत पहिली लावा. त्या दहा आकड्यांवाचून दावा पुढे सरकत नाही. तक्रार नोंदीचा क्रमांक तुमच्या बाबतीत `YYZ` ने सुरू होणारा असेल, ते टोरंटो विमानतळाचं चिन्ह. `BOM` ने सुरू होणारा असला तर परतीच्या प्रवासाची वेगळीच नोंद झाली आहे, ती दुरुस्त करून घ्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मुंबईत उतरल्यावर पुन्हा एकदा तक्रार नोंदवून लोक स्वतःच एका बॅगेच्या दोन फायली करतात आणि दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात.

पत्र ईमेलने ग्राहक तक्रार विभागाला आणि सामान दावा विभागाला पाठवा. शिवाय कंपनीच्या मुंबई कार्यालयाला स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. दोन कंपन्यांची विमानं असतील तर पहिल्या आणि शेवटच्या, दोघींकडे मागता येतं. ‘दुसऱ्यांकडे जा’ म्हणाले तर दोघींनाही एकच पत्र पाठवून मोकळं व्हायचं.

एवढ्यात प्रवास विम्याची पॉलिसी काढून बघा. कॅनडाला जाताना मुलीने किंवा एजंटने ती नक्की घ्यायला लावली असेल. बहुतेक पॉलिसीत सामान उशिरा येण्याची आणि हरवण्याची छोटी तरतूद असते, आणि त्यासाठी तेच कंपनीचं प्रमाणपत्र लागतं. विम्याने जे दिलं ते कंपनीकडून पुन्हा मागायचं नाही.

तीस दिवसांत काही झालं नाही तर नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. दोन्हीकडून निकाल मिळत नाही, पण कंपनीत ती फाइल साचेबंद उत्तरं देणाऱ्याच्या हातातून निघते. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही मुलुंडला राहता, म्हणून मुंबई उपनगराचा, वांद्र्याला. कंपनीचं मुख्य कार्यालय परदेशात असलं तरी तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, आणि परतीचं तिकीट मुंबईत संपतं, त्यामुळे कराराप्रमाणेही मुंबई चालते. मोजतात ती तुम्ही तिकिटासाठी भरलेली रक्कम, आणि ती पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च तिथे मागा, कंपनीला लिहिलेल्या पत्रात नको. त्यावरही कंपनी छताचाच मुद्दा काढेल, तयारी असू द्या.

तारखेचं मात्र घट्ट लक्षात ठेवा. दोन वर्षं. ग्राहक कायद्यात उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण माँट्रियल करारात दोन वर्षांनंतर हक्कच संपतो, माफीची सोय नाही. दोन वर्षं कुठून मोजायची यावर वकील घोळ घालतील, तुम्ही टोरंटोला उतरलात त्या दिवसापासून मोजा. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून घड्याळ थांबत नाही. मी पाहिलेले बुडालेले दावे बहुतेक असेच बुडाले: ‘आम्ही लवकरच कळवतो’ या उत्तरावर विसंबून.

राहता राहिलं, मध्येच बॅग सापडली तर. हसू नका, चार महिन्यांनी सापडलेल्या बॅगा मी स्वतः पोचवल्या आहेत. टॅग फाटला की बॅग कुठल्यातरी विमानतळाच्या कोठीत बेवारस पडते. मग तिचा रंग, आकार आणि आतल्या वस्तू तुमच्या तक्रारीशी जुळवून बघतात. म्हणून आत्ताच कंपनीला कळवा की सगळ्यात वर गोधडी होती आणि तिचा रंग कोणता होता. ‘साड्या’ असलेल्या बॅगा कोठीत वीस असतात, गोधडीची एकच असते. बॅग आली तर हरवल्याचा दावा सुटतो, ३८,८०० चा खर्च तसाच उभा राहतो, आणि तो बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी मागावा लागतो. जुनं पत्र आहे म्हणून गप्प बसू नका, एक ओळीचा ईमेल परत टाका. काही फुटलं-फाटलं असेल तर त्याला सातच दिवस. आणि बॅग आणून देणाऱ्या पोऱ्यासमोर दारातच उघडा, फोटो काढा, लाडवांच्या डब्याचाही. बुरशी आलेले लाडूसुद्धा उशिरामुळे झालेल्या नुकसानीतच मोजतात.